रिव्ह्यूअरने ‘आउटलायर का ठेवले?’ विचारलं तर

‘नमुना लहान होता म्हणून ठेवले’ असं लिहू नका, ते कारणच नाही. समजा, खताचा उत्पादनावरचा परिणाम मॉडेलने मोजताय आणि वाळवा तालुक्यातल्या 60 ऊस प्लॉटपैकी दोन प्लॉटचं उत्पादन एकरी 100 टनांवर आहे. आधी कारखान्याच्या वजनपावत्या पाहा. टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त करा. आकडा खरा असेल तर ‘पावतीशी जुळला, प्लॉट निवडीच्या निकषांत बसतो, म्हणून ठेवला’ असं स्पष्ट लिहा. मग ते दोन वगळून तेच मॉडेल पुन्हा चालवा आणि दोन्ही गुणांक कॉन्फिडन्स इंटरव्हलसह एकाच तक्त्यात द्या. खताचा गुणांक 0.42 वरून 0.38 झाला, तर निष्कर्ष टिकला. 0.10 वर येऊन इंटरव्हलमध्ये शून्य आलं, तर परिणाम त्या दोन प्लॉटवरच उभा होता. हे रिव्ह्यूअरला तर सांगाच, पण मूळ लेखातही लिहा.