आलेखाचं चित्र जाण्याआधी त्याचे अक्ष आणि आकडे कसे उतरवून घ्यावेत

माझ्या एका जुन्या टिपणवहीत ओळ आहे : "लाल रेषा २०१० नंतर जोरात वर, काळी तिच्या मधून जाते." लिहिली तेव्हा आलेख समोर होता, म्हणून तेवढं पुरेसं वाटलं. पुढे चित्राची फाईल गेली आणि ओळ तेवढी उरली. लाल रेषा कशाची, "जोरात" म्हणजे किती, काहीच सांगता येईना.

आलेख शब्दांत उतरवताना आपला हात आपोआप रेषेकडे वळतो : ती चढली, उतरली, इथे वाकली. पण चित्र गेल्यावर आधी नाहीशी होते ती मोजपट्टी. पट्टी लिहून ठेवली असेल तर रेषा पुन्हा काढता येते. नसेल तर रेषेचं कितीही सुरेख वर्णन कामाचं नाही. म्हणून पट्टी आधी आणि रेषा नंतर, या क्रमाने जाऊ.

उदाहरणाला बऱ्याच जणांनी पाहिलेला एक आलेख घेऊ. हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. त्या मोजणीच्या आलेखाला कीलिंग वक्र म्हणतात. त्यात करवतीच्या दात्यांसारखी लाल रेषा असते आणि तिच्या मधून एक गुळगुळीत काळी रेषा चढत जाते.

पायरी १ : अक्ष लिहा, रेषेकडे बघूही नका

दोन्ही अक्षांसाठी चार गोष्टी लागतात : काय मोजलं आहे, एकक कोणतं, पट्टी कुठून कुठपर्यंत आहे आणि खुणा किती अंतरावर आहेत. माझ्यासमोरच्या चित्रासाठी ते असं झालं :

```
आलेख : हवेतील कार्बन डायऑक्साइड, मौना लोआ
आडवा अक्ष : वर्ष, १९५८ ते २०२४, खुणा दर १० वर्षांनी
            खूण = त्या वर्षाचा १ जानेवारी
उभा अक्ष : पीपीएम (हवेच्या दहा लाख रेणूंमागे किती रेणू)
           ३१० ते ४३०, खुणा दर २० ला, साधं प्रमाण
           शून्यापासून सुरू नाही
```

शेवटची ओळ हमखास सुटते, आणि तीच सगळ्यात महाग पडते. या चित्रात रेषा जवळजवळ तळातून निघते आणि माथ्याला पोचते. कुणी "रेषा तळापासून माथ्यापर्यंत चढली" एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाढ कित्येक पट वाटेल. प्रत्यक्षात ३१६ वरून ४२५ च्या आसपास, म्हणजे साधारण ३४ टक्के. पट्टी शून्यापासून काढली असती तर रेषा सुरुवातीलाच शेवटच्या उंचीच्या पाऊण भागावर दिसली असती. दोन्ही चित्रं खरी आहेत, पण टिपण वाचणाऱ्याला आपण कोणतं पाहिलं हे कळायला हवं.

"साधं प्रमाण" हे दोन शब्दही असेच. खुणांवर १, १०, १००, १००० असे आकडे समान अंतरावर असतील, किंवा मधल्या बारीक खुणा वर जाताना एकमेकींना चिकटत असतील, तर ते लॉग प्रमाण आहे. तसं लिहिलं नाही तर पुढे वाचलेला प्रत्येक आकडा चुकतो.

अक्षांबरोबर चित्राखालची बारीक अक्षरातली तळटीपही टाईप करा. कीलिंग वक्राच्या बाबतीत तीत मोलाची माहिती असू शकते : नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला, वेधशाळेकडे जाणारा रस्ता लाव्ह्याखाली गेला आणि काही महिने मोजणी शेजारच्या मौना केआवरून करावी लागली. रेषेकडे पाहून हे कळत नाही.

पायरी २ : रेषांना रंगाने नव्हे, नावाने हाक मारा

सूचीतली नावं जशीच्या तशी उतरवा आणि पुढे टिपणभर तीच वापरा. रंग एकदाच, कंसात. "लाल" हा शब्द चित्राबरोबर मरतो, "मासिक सरासरी" उरते.

```
मासिक सरासरी (लाल) : दरवर्षी वर-खाली, मे महिन्यात शिखर,
                     सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ, फरक सुमारे ६ पीपीएम
हंगामी चढउतार वगळून (काळी) : गुळगुळीत, सतत चढती
```

लाल रेषेचे दाते येतात उत्तर गोलार्धातल्या झाडझाडोऱ्यामुळे : वाढीच्या महिन्यांत तो वायू शोषला जातो, हिवाळ्यात परत सुटतो. पण हे झालं स्पष्टीकरण. ते वेगळ्या परिच्छेदात जायला हवं. डोळ्यांनी वाचलेलं आणि डोक्याने जोडलेलं एका वाक्यात मिसळलं की सहा महिन्यांनी आपल्यालाच वेगळं काढता येत नाही.

कोणत्या रेषेवरचा आकडा वाचला हे प्रत्येक वेळी का सांगायचं, ते २०१० वर बघा. काळ्या रेषेवर त्या वर्षाच्या मध्यावर ३९० दिसतात. लाल रेषेवर मे महिन्यात सुमारे ३९३ आणि सप्टेंबरात सुमारे ३८७. "२०१० ला ३९३" असं नुसतं लिहिलं तर ते खोटं नाही, पण शेजारी १९९० चा आकडा तळातला ठेवला की वाढ फुगलेली दिसणार.

पायरी ३ : आकडे नजरेने नको, मोजून वाचा

चित्रावरच छापलेले आकडे असतील तर ते तसेच घ्या आणि पुढे "छापील" लिहा. बाकीचे वाचावे लागतात. चित्र उघडणाऱ्या बहुतेक साध्या प्रोग्राममध्ये कर्सर जिथे असेल त्या बिंदूचा पिक्सेल क्रमांक दिसतो. उभ्या अक्षावरच्या दोन खुणांचे क्रमांक घ्या, शक्य तेवढ्या एकमेकींपासून लांबच्या. माझ्या चित्रात ३२० ची खूण वरून ४१२ व्या पिक्सेलला होती आणि ४२० ची ९२ व्या. काळी रेषा २०१० च्या मध्यावर १८८ व्या पिक्सेलला सापडली.

```
मूल्य = ३२० + (४१२ − १८८) ÷ (४१२ − ९२) × (४२० − ३२०)
      = ३२० + ०.७ × १००
      = ३९०
```

पिक्सेल वरून खाली मोजले जातात, म्हणून रेषा जितकी वर तितका क्रमांक लहान. वजाबाकी उलटी झाली तर ३२० पेक्षाही कमी आकडा येतो आणि चूक लगेच कळते. त्यामुळे ही चूक तशी निरुपद्रवी. घातक चूक आडव्या अक्षावर होते. २०१० ची खूण जानेवारीची आहे. वर्षभराचं म्हणून आकडा हवा असेल तर खुणेच्या अर्धं वर्ष पुढे जाऊन वाचायला हवं. थेट खुणेवर वाचलं तर आकडा सुमारे एक पीपीएमने कमी येतो, आणि तो इतका पटण्यासारखा असतो की शंकाच येत नाही.

लॉग प्रमाणावर हेच सूत्र चालतं, पण आकड्यांच्या जागी त्यांचे लॉगरिदम घालून. १० आणि १०० च्या खुणांच्या बरोबर मध्ये असलेला बिंदू ५५ नसतो, सुमारे ३१.६ असतो.

कागदाचा मोबाईलवर तिरका काढलेला फोटो असेल तर हा हिशोब सोडून द्या. कारण चित्राच्या एका टोकाचे पिक्सेल दुसऱ्या टोकाशी जुळत नाहीत. तिथे बिंदूच्या लगतच्या दोन आडव्या रेघांमध्येच अंदाज घ्यायचा आणि तसं लिहून टाकायचं.

पायरी ४ : किती चुकू शकतं तेही आकड्यासोबत

माझ्या चित्रात १०० पीपीएमला ३२० पिक्सेल होते आणि काळ्या रेषेची जाडी ३ पिक्सेल. म्हणजे नुसती जाडीच जवळपास १ पीपीएम. कर्सर ठेवण्यातली चूक धरून मी प्रत्येक आकड्यापुढे "±१" लिहिलं.

```
हंगामी चढउतार वगळून, वर्षाच्या मध्यावर, वाचलेले (±१) :
१९६० – ३१७    १९७० – ३२६    १९८० – ३३९    १९९० – ३५४
२००० – ३७०    २०१० – ३९०    २०२० – ४१४
```

आता चित्र नाही असं समजून यावरून अर्थ लावू. पहिल्या दशकात ९ ची वाढ, शेवटच्या दशकात २४ ची. चुकीची मर्यादा धरूनही वेग वाढला आहे हे ठाम म्हणता येतं. मग मोह होतो : १९८० ते १९९० मध्ये १५ आणि १९९० ते २००० मध्ये १६, म्हणजे नव्वदच्या दशकात वाढ किंचित जास्त. इथे थांबायला हवं. दोन्ही टोकांना ±१ असेल तर फरकात २ पर्यंत चूक होऊ शकते, आणि इथे आपण १ वर बोलतो आहोत. मौना लोआच्या वार्षिक सरासरींचा तक्ता पाहिला तर १९८० ला ३३८.७६, १९९० ला ३५४.४५ आणि २००० ला ३६९.७१ आहेत. वाढ आधी १५.६९, नंतर १५.२६. खरा क्रम उलटा आहे. "±१" लिहिलेलं नसतं तर त्या आकड्यांवरून मी बेधडक चुकीचं विधान केलं असतं.

किती बिंदू घ्यायचे याचा माझा नियम साधा आहे. दोन्ही टोकं, सर्वोच्च आणि नीचतम, रेषा एकमेकींना छेदतात ती जागा, दिशा बदलते ती जागा, आणि मध्ये सारख्या अंतरावर थोडे. जिथे रेषा तुटलेली आहे तिथे "नोंद नाही" असं लिहा. जागा मोकळी सोडली तर नंतर कुणीतरी तिथे शून्य भरतं.

पायरी ५ : चित्र असतानाच ते परत काढून बघा

चित्र झाकून ठेवा आणि फक्त टिपणावरून आलेख कागदावर आलेख काढा. त्याहून चांगलं म्हणजे मूळ चित्र न पाहिलेल्या माणसाला काढायला द्या. तो जिथे जिथे अडून प्रश्न विचारेल, तिथे टिपणात ओळ कमी आहे.

कीलिंग वक्राचं टिपण मी असंच एका मित्राला दिलं. अक्ष बरोबर आले, काळी रेषा बरोबर आली, पण दाते त्याने सुरुवातीला बारीक आणि पुढे मोठे मोठे काढले. मी "फरक सुमारे ६ पीपीएम" लिहिलं होतं, पण तो कुठे, हे लिहिलं नव्हतं. रेषा वर गेली तसा फरकही वाढला असेल असं त्याने गृहीत धरलं. मूळ चित्र अजून उघडं होतं. १९६० च्या आसपासचे आणि २०२० च्या आसपासचे दाते मोजून पाहिले, डोळ्यांना जवळपास सारखेच होते. टिपणात ओळ घातली : "दात्यांची उंची सुरुवातीला आणि शेवटी जवळपास सारखीच, सुमारे ६, दोन्ही ठिकाणी ±१."