त्रिज्या मोठी येतेय? जीवा निम्मी केली का बघा

जीवा १६ सेमी, तिचं केंद्रापासूनचं अंतर ६ सेमी, आणि त्रिज्या १७.०९ येत असेल, तर पूर्ण जीवेचाच वर्ग केला गेलाय. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब तिला दुभागतो, म्हणून काटकोन त्रिकोणाची बाजू १६ नव्हे, ८ धरायची. त्रिज्या हा कर्ण. ६४ + ३६ = १००, म्हणजे त्रिज्या १० सेमी.

पडताळा मी असा घेतो: कर्ण उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहानच असतो, तेव्हा त्रिज्या ८ + ६ = १४ च्या आत हवी. १७.०९ तिथेच बाद. मात्र अंतर जीवेच्या पाऊणपटीहून जास्त असेल, तर ही चूक पडताळ्यातून निसटते. तिथे आकृती काढून जीवेचे दोन्ही अर्धे भाग लिहिलेले बरे.