सोळा वर्षांच्या खंडानंतर सोसायटीचे हिशेब

२००६ साली मी नोकरी सोडली तेव्हा डोंबिवलीतल्या एका सीए ऑफिसात टॅली ७.२ वर काम करत होते. व्हॅट नवा होता आणि चलन भरायला बँकेत रांग लावायला लागायची. २०२२ मध्ये पुन्हा काहीतरी करायचं म्हणून बसले तेव्हा व्हॅटच्या जागी जीएसटी आला होता, टॅलीचं टॅलीप्राइम झालं होतं आणि मी ४४ वर्षांची होते. धाकट्याची दहावी संपली होती.

आधी सगळ्या बायका करतात तेच केलं. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. तीस किलो चकल्या तळल्या, तेल आणि भाजणीचा खर्च वजा केला आणि नफा झाला म्हणून खूश झाले. नंतर गॅसचे दोन सिलिंडर आणि मदतीला आलेल्या बाईंचे पैसे धरले, तर हातात जवळपास काही उरत नव्हतं. माझी जाऊ हेच काम उत्तम चालवते, पण तिला स्वयंपाकघरात दहा तास उभं राहायला आवडतं. मला नाही आवडत.

सोसायटीच्या हिशेबांचं काम मला आमच्याच जिन्यात सापडलं. शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी काका म्हणाले, "वहिनी, आमचा अकाउंटंट गाव सोडून गेला. तुम्ही पूर्वी हिशेब लिहायचात ना?" मी दोन दिवस टाळाटाळ केली, कारण मला जीएसटी येत नव्हता. मग नियम वाचले, तेव्हा कळलं की वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सोसायटीला जीएसटीची नोंदणीच लागत नाही. त्यांचे २४ फ्लॅट, महिना १,८५० रुपये मेंटेनन्स, म्हणजे वर्षाला ५,३२,८०० रुपये. ज्या गोष्टीला घाबरून मी नाही म्हणणार होते, ती त्या कामात नव्हतीच. मोठ्या गृहसंकुलांचं काम मी आजही घेत नाही.

टॅलीचा सराव मी विकत न घेता केला. टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, फक्त त्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात. शिकायला तेवढं पुरतं. मी आमच्या घरखर्चाची एक कंपनी उघडली आणि तीन आठवडे रोज तासभर नोंदी केल्या. स्क्रीन ओळखीची वाटत नव्हती, पण F5 म्हणजे पेमेंट, F6 म्हणजे रिसीट, F7 म्हणजे जर्नल हे तसंच होतं. बोटांना आठवत होतं. खरं काम सुरू करताना मात्र परवाना लागतो. तो सोसायटीकडे आहे की आपण घ्यायचा, हे आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी काकांनी पिशवीभर कागद दिले. कुठून सुरुवात करायची हे कळेना, म्हणून मला येत होतं तेवढंच धरलं: बँकेचा ताळमेळ. ३१ मार्चला सोसायटीच्या पुस्तकात बँकेची शिल्लक २,८६,४०० होती आणि पासबुकात ३,०५,५५०. फरक १९,१५० रुपयांचा. पासबुकात जास्त दिसतंय, म्हणजे एकतर आपण दिलेला चेक समोरच्याने भरलेला नाही किंवा बँकेत आलेले पैसे आपण लिहिलेले नाहीत. पंप दुरुस्त करणाऱ्याला दिलेला २,५०० चा चेक मार्चअखेरपर्यंत वटला नव्हता. तो बाजूला काढला, तर उरले १६,६५०.

या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसले. बिल तीन महिन्यांचं एकदम जातं, ५,५५० रुपयांचं. त्याची तिप्पट १६,६५०. म्हणजे कुणीतरी तीन तिमाहीची बिलं भरलेली होती आणि ती कुणाच्याच नावावर जमा नव्हती. पासबुकात त्या तीन नोंदींपुढे एक अनोळखी नाव होतं. थकबाकीच्या यादीत बरोबर तीन तिमाह्या थकलेला एकच फ्लॅट होता, ११ नंबर. तिथे एकट्या राहणाऱ्या काकूंचा जावई बंगळुरूहून स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवत होता. आधीच्या अकाउंटंटला नाव कुणाचं ते कळलं नाही, म्हणून त्याने नोंदच केली नाही.

वर काकूंना व्याजही लागलं होतं. उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावता येतं आणि या सोसायटीने पूर्ण २१ लावलं होतं. पहिलं बिल नऊ महिने, दुसरं सहा, तिसरं तीन महिने थकलेलं धरून १,७४८ रुपये. काकूंनी दोनदा तक्रार केली होती आणि कमिटीने दोन्ही वेळा "पुस्तकात नाही" म्हणून परत पाठवलं होतं. मी तिन्ही रिसीट लिहिल्या, जर्नलने व्याज उलटवलं आणि कमिटीच्या बैठकीत पासबुकाची पानं पुढे ठेवली. माझा आवाज कापत होता, पण आकडे बरोबर होते. कुणी उलटतपासणी केली नाही.

तेव्हापासून कुठलीही सोसायटी घेताना मी आधी पासबुक आणि थकबाकीची यादी शेजारी ठेवते. दोन्हींत एकच रक्कम अडकलेली दिसली की ऐंशी टक्के गोंधळ तिथेच असतो. प्रत्येक सभासदाला पैसे पाठवताना फ्लॅट नंबर लिहायला सांगायचं, ही सूचना मी बिलाच्या तळाशी छापून घेते. तरी चार-पाच जण विसरतातच.

पैशांच्या बाबतीत मात्र मी मूर्खपणा केला. महिना १,५०० ठरले, पण मागच्या दोन वर्षांचे हिशेब विस्कटलेले होते आणि तेही मी त्यातच करून दिले. पहिल्या महिन्यात चाळीस तास गेले. आता महिन्याला सहा-सात तास लागतात, ते परवडतं. मागच्या वर्षांच्या कामाचे पैसे मी आता वेगळे सांगते, तेही कागद बघितल्याशिवाय नाही.

काही गोष्टी आपल्या नाहीत, हे स्पष्ट ठेवावं. लेखापरीक्षण पॅनेलवरचा ऑडिटर करतो, आपण नाही. बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी माझ्याकडे नसतात, चेकवर सही करणारेही कमिटीतलेच. मी फक्त स्टेटमेंट मागते. पहिल्या वर्षी ऑडिटरनेच माझी एक चूक काढली. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला महिना ११,००० जायचे, म्हणजे वर्षाला १ लाखाच्या वर, आणि मी टीडीएस कापायला सांगितलंच नव्हतं. मागून व्याजासकट भरावा लागला. आता एप्रिलमध्येच मी प्रत्येक कंत्राटदाराची वर्षभराची रक्कम मांडून बघते.

सुरुवात करायची असेल तर डिसेंबर-जानेवारीत विचारायला लागा. वर्ष ३१ मार्चला संपतं, ऑडिट ३१ जुलैच्या आत व्हायला हवं आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. एप्रिलमध्ये काम हातात आलं तर आधीच्याचं वर्ष बंद करण्यातच आपला उन्हाळा जातो. माझ्याकडे आता पाच सोसायट्या आहेत. सहाव्या सोसायटीचे चेअरमन मे महिन्यात आले होते. त्यांना सांगितलं, सभा उरकून ऑक्टोबरमध्ये या, आणि येताना पासबुक घेऊन या.