कोट्रायमॉक्साझोलचा प्रतिबंधक डोस: काटा आधी, कागद नंतर

ही यादी एचआयव्हीबाधित आईच्या बाळासाठी आणि स्वतः एचआयव्हीबाधित असलेल्या मुलासाठी आहे. रक्ताच्या कर्करोगात किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांनाही कोट्रायमॉक्साझोल देतात, पण तेथील डोसाचे आणि मुदतीचे हिशेब वेगळे असतात. ते येथे मिसळू नयेत.

बाळ सहा आठवड्यांचे होऊन केंद्रावर येणार असेल, त्या दिवशी सर्वांत आधी वजनकाटा बाहेर काढावा, तो शून्यावर आणावा आणि बाळाचे कपडे काढून वजन घ्यावे. लसीकरणाच्या कार्डावर गेल्या पंधरवड्यात लिहिलेले वजन चालणार नाही, आईने सांगितलेले चालणार नाही आणि मागच्या भेटीतले तर मुळीच चालणार नाही. मागच्या खेपेस माझ्याकडून हेच राहिले होते. कार्डावर आधीचा डोस स्वच्छ अक्षरांत लिहिलेला होता, बाहेर रांग होती आणि मी खाली ‘तोच चालू’ असे लिहून मोकळी झाले. म्हणून या यादीत वजनाचा उल्लेख कंटाळा येईल इतक्या वेळा येणार आहे. तो वगळून पुढे जाऊ नये.

डोसाचा पाया साधा आहे. या औषधात ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल अशी दोन द्रव्ये असतात आणि हिशेब पहिल्यावर चालतो: दर किलोमागे साधारण 5 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम, दिवसातून एकदा, रोज. नेहमीच्या सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 40 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असते. प्रत्येक वेळी गुणाकार करावा लागू नये म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात वजनाचे टप्पे ठरवलेले आहेत. 5 किलोच्या आत अडीच मिलिलिटर, 5 ते 10 किलोपर्यंत 5 मिलिलिटर, 10 ते 15 किलोपर्यंत साडेसात, 15 ते 22 किलोपर्यंत 10 आणि त्यापुढे 15 मिलिलिटर. गोळी गिळू शकणाऱ्या मुलाला 15 ते 22 किलोच्या टप्प्यात 80 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिमची एक गोळी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातील टप्पे थोडे निराळे आहेत. तेथे पहिली पायरी 5 ऐवजी 6 किलोवर येते आणि 5 मिलिलिटरचा डोस 14 किलोपर्यंत चालतो. दोन्ही तक्ते आपापल्या जागी ठीक आहेत, पण अर्धा एक आणि अर्धा दुसरा असे करू नये. आपल्या केंद्राच्या भिंतीवर जो तक्ता आहे तोच धरावा.

वजनावर मी इतकी का अडून बसते, ते एका बाळाच्या आकड्यांवरून दिसेल. समजा, सहाव्या आठवड्यात बाळ 3.7 किलोचे आहे. त्याला अडीच मिलिलिटर, म्हणजे 20 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम मिळते, किलोमागे 5.4 मिलिग्रॅम पडते आणि हिशेब चोख बसतो. चौदाव्या आठवड्यात तेच बाळ 5.5 किलोचे होते, तेव्हा आपल्या तक्त्याप्रमाणे डोस दुप्पट होऊन 5 मिलिलिटर व्हायला हवा. कुणी वजनच केले नाही आणि ‘तोच चालू’ लिहिले, तर किलोमागे 3.6 मिलिग्रॅम उरतात. सहाव्या महिन्यात बाळ 7.4 किलोचे झाले आणि बाटलीवर अजूनही अडीच मिलिलिटरच लिहिलेले असेल, तर किलोमागे 2.7 मिलिग्रॅम, म्हणजे हव्या त्याच्या जेमतेम निम्मे औषध पोटात जात असते, आणि तेव्हा दोन्हींपैकी कोणताही तक्ता पाहिला तरी डोस 5 मिलिलिटरच निघतो. आता ही वेळ कोणती ते पाहा. एचआयव्हीबाधित तान्ह्या बाळांना गाठणारा न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया तीन ते सहा महिन्यांच्या वयात सर्वाधिक दिसतो आणि तो टाळण्यासाठीच तर हे औषध सहाव्या आठवड्यापासून सुरू करतात. धोका वर चढत असताना बाळाचे वजनही झपाट्याने वाढत असते आणि डोस मात्र कागदावर गोठलेला राहतो. घरच्यांना यातले काहीच कळत नाही, कारण बाळ रोज औषध घेत असते आणि बाटल्याही वेळेवर संपत असतात. हे कळण्याचा मार्ग एकच: काटा.

टप्पा ओलांडल्याबरोबर किलोमागचे प्रमाण थोडे वर जाते. वरच्या उदाहरणात 5.5 किलोला 5 मिलिलिटर दिल्यावर ते 7.3 येते आणि नवीन सहकारी हमखास बिचकतात. बिचकू नये. हाच न्यूमोनिया झाल्यावर उपचारासाठी दिवसाला किलोमागे 15 ते 20 मिलिग्रॅम द्यावे लागतात. त्यापुढे हा डोस लहानच आहे आणि बाळ काही आठवड्यांत वजनाने त्याला गाठते.

वजन झाले, टप्पा ठरला, की बाटली हातात घेऊन तिच्यावरची मात्रा वाचावी. 5 मिलिलिटरमध्ये 40 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम आणि 200 मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोल असे लिहिलेले असेल तरच वरचे आकडे लागू होतात. गोळ्यांत तर घोळ आणखी सोपा, कारण 20, 80 आणि 160 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम अशा तिन्ही प्रकारच्या गोळ्या असतात. म्हणून ‘एक गोळी’ एवढेच लिहू नये. कोणती, तेही लिहावे.

त्यानंतर बाटल्यांची मोजणी करावी. रोज 5 मिलिलिटर म्हणजे तीस दिवसांना 150 मिलिलिटर, 50 मिलिलिटरच्या तीन बाटल्या. मूल 10 किलोच्या वर गेले आणि डोस साडेसात झाला, की 225 मिलिलिटर लागते, म्हणजे पाच बाटल्या. डोस वाढवून बाटल्या मात्र सवयीने तीनच दिल्या, तर औषध विसाव्या दिवशी संपते आणि पुढचे दहा दिवस मूल औषधाविना राहते. याच्या उलटही घडते: घरी एरवीपेक्षा जास्त बाटल्या उरल्या असतील, तर डोस चुकत आहेत किंवा नवा डोस घरापर्यंत पोहोचलेलाच नाही, असे धरून विचारपूस करावी.

सोबत सुई नसलेली सिरिंज द्यावी आणि आपल्या टप्प्याच्या रेषेवर पेनने खूण करून द्यावी. घरातले चमचे एका मापाचे नसतात. प्रत्येक वेळी बाटली नीट हलवायला सांगावे. औषध तळाशी बसते आणि न हलवता दिले तर वरचे पातळ, शेवटचे दाट असे पोटात जाते. डोस बदलला असेल तर जुनी खूण पुसून नवी करावी आणि आईकडून एकदा भरून घ्यावे. तोंडी ‘आता थोडे वाढवा’ असे सांगितल्याने काहीही वाढत नाही.

सहाव्या आठवड्यात आणखी एक गफलत होते. जन्मापासून चालू असलेले नेव्हिरापिनचे सिरप बाळाच्या जोखमीनुसार 6 किंवा 12 आठवड्यांनी थांबते आणि कोट्रायमॉक्साझोल मात्र सहाव्या आठवड्यापासूनच सुरू होते. दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या घरात असताना ‘औषध आता बंद’ एवढेच कानावर पडले, तर चुकीची बाटली बंद होते. म्हणून बाटलीकडे बोट दाखवून सांगावे: हे थांबवायचे, हे चालू ठेवायचे.

सुरू करण्याआधी सल्फाची ॲलर्जी, जी-सिक्स-पीडीची कमतरता, गंभीर काविळीसह यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार आणि तीव्र रक्तक्षय यांबद्दल डॉक्टरांनी विचारलेले असावे. बारीक, सौम्य पुरळ आले तर लक्ष ठेवता येते, पण तोंडात किंवा डोळ्यांभोवती फोड आले, कातडी सुटू लागली, पुरळासोबत ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी बाळाला आणायला सांगावे. ज्यांना हे औषध चालतच नाही त्यांच्यासाठी डॅप्सोन असते, किलोमागे 2 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. मात्र जी-सिक्स-पीडी कमी असलेल्यांना तेही धोक्याचे, त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांचाच.

आता थांबवण्याविषयी. येथे सर्वांची घाई असते, म्हणून प्रश्न एकच विचारावा: बाळाचे शेवटचे निदान झाले आहे का? सहाव्या आठवड्याची सुकवलेल्या रक्तथेंबाची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून औषध थांबत नाही, कारण बाळ अंगावर पीत असेल तोवर संसर्गाची शक्यता उरते. सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या निगेटिव्ह अहवालांनीही ते थांबत नाही. अठराव्या महिन्याची अंतिम चाचणी निगेटिव्ह यावी लागते, आणि अंगावरचे दूध उशिरा सुटले असेल तर ते पूर्ण सुटल्यानंतर तीन महिने थांबून केलेली. तोपर्यंत दर भेटीला वजन. वरच्या उदाहरणातले बाळ अठराव्या महिन्यात 10.3 किलोचे असेल, तर अहवाल हाती येईपर्यंतच्या दिवसांसाठीसुद्धा त्याचा डोस साडेसात मिलिलिटर होतो. ‘आता बंदच होणार आहे’ म्हणून जुना डोस पुढे ढकलू नये.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर एआरटी सुरू होते आणि कोट्रायमॉक्साझोल चालूच राहते. पाच वर्षांच्या आत सीडी-फोर कितीही चांगले दिसले तरी ते काढत नाहीत. पाच वर्षांनंतर एआरटीवर असलेले मूल आजाराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात असेल आणि सीडी-फोर 350 च्या वर, किमान सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत आले असेल, तरच थांबवण्याचा विचार होतो. एक चांगला अहवाल पुरत नाही. दोन महिन्यांच्या अंतराने केलेले दोनही पुरत नाहीत. या सावधगिरीला आधार आहे. झांबियात मुलांवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने मृत्यू 43 टक्क्यांनी घटले होते, तर युगांडा आणि झिम्बाब्वेमधील 2014 च्या चाचणीत दीर्घकाळ एआरटीवर असलेल्या मुलांचे औषध थांबवल्यावर रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढले. तेथे हिवतापाचा भागही मोठा होता.

थांबवले तर तारीख आणि दोन्ही सीडी-फोर आकडे हिरव्या पुस्तिकेत आणि केंद्राच्या पांढऱ्या कार्डावर लिहावेत. सीडी-फोर पुन्हा 350 च्या खाली गेले किंवा गंभीर आजार उद्भवला, तर औषध परत सुरू होते, आणि तेव्हाचा डोस थांबवतानाच्या नोंदीवरून उतरवायचा नसून त्या दिवशी काट्यावर जो आकडा येईल त्यावरून ठरवायचा.