दोन तासांचं शूट, साडेसोळा तासांचं काम: छंदातल्या पहिल्या कामांचे पैसे कसे ठरवावेत

छंद म्हणून फोटो काढणाऱ्याला एक दिवस कुणीतरी विचारतं, "आमच्या कार्यक्रमाचे काढशील का? पैसे देऊ." आणि मग बहुतेक जण चूक करतात ती पहिल्याच वाक्यात: ते शूटच्या तासांचे पैसे सांगतात. दोन तासांचा कार्यक्रम, 8,000 सांगितले, म्हणजे तासाला 4,000 मिळाले असं वाटतं. प्रत्यक्षात तासाला किती सुटले हे कळायला त्या कामाला लागलेला सगळा वेळ लिहून काढावा लागतो. तोच हिशेब इथे एका कामावर करून बघू. चलन कोणतंही धरा, पद्धत तीच राहते.

आधी वेळ लिहा

पहिल्या फोनपासून पैसे हातात येईपर्यंतचा प्रत्येक टप्पा मोजायचा. आठवणीवर अवलंबून राहू नका, कारण एडिटिंगचे तास आठवताना हमखास निम्मे होतात. मोबाइलवरचं स्टॉपवॉच चालेल. काम थांबवलं की लगेच आकडा लिहायचा.

आपल्या उदाहरणातल्या कामाची नोंद अशी होती. बोलणं, मेसेज आणि दर ठरवणं यात 1 तास गेला. बॅटरी चार्ज करणं, कार्ड रिकामं करणं, लेन्स पुसणं यात 45 मिनिटं. जाण्यायेण्यात दीड तास. कार्यक्रम दोन तासांचा असला तरी अर्धा तास आधी पोहोचावं लागलं आणि शेवटी "एक ग्रुप फोटो राहिलाय" म्हणत 15 मिनिटं वाढली, म्हणजे तिथेच पावणेतीन तास झाले. घरी आल्यावर फोटो उतरवून दोन ठिकाणी बॅकअप घ्यायला अर्धा तास. 640 फोटोंतून 90 निवडायला दीड तास. एका फोटोला सरासरी 4 मिनिटं धरली तर 90 फोटोंच्या एडिटिंगला 6 तास. एक्स्पोर्ट आणि अपलोड अर्धा तास. "हा जरा उजळ करा, तो काढून टाका" असे बदल दोनदा आले, त्यात दीड तास. बिल पाठवणं आणि पैशांची आठवण करणं अर्धा तास.

बेरीज साडेसोळा तास. त्यात कॅमेरा डोळ्याला लावून जेमतेम दोन-सव्वादोन तास गेले. सगळ्यात मोठा वाटा एडिटिंगचा, आणि गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही.

मग खर्च वजा करा

प्रवासाचे 600 सहज लक्षात येतात. विसरतो तो घसारा. समजा कॅमेरा आणि लेन्स मिळून 90,000 ला पडले आणि ते बदलावे लागेपर्यंत साधारण 150 कामं होतील असा तुमचा अंदाज आहे. मग प्रत्येक कामात 600 ची झीज होते. कॅमेरा आधीपासून घरात होता म्हणून तो फुकट होत नाही, कारण शटर प्रत्येक क्लिकला झिजतं आणि नवा कॅमेरा याच कमाईतून घ्यायचा असतो. सॉफ्टवेअर आणि साठवणुकीचा वाटा 350 धरू. एकूण खर्च 1,550.

8,000 मधून 1,550 गेले, उरले 6,450. साडेसोळाने भागल्यावर तासाला साधारण 391 येतात. वाटत होते 4,000, सुटले त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि हा आकडा कर भरण्याआधीचा आहे.

नोंदीसाठी स्प्रेडशीटमध्ये चार रकाने पुरतात: A मध्ये काम, B मध्ये मिळालेली रक्कम, C मध्ये खर्च, D मध्ये तास. E मध्ये हे सूत्र:

```
=(B2-C2)/D2
```

इथे एक चूक फार होते. दीड तास म्हणजे 1.5 लिहायचं, 1.30 नाही. 1.30 लिहिलं की स्प्रेडशीट तो 1 तास 18 मिनिटं धरते आणि तुमचा दर आहे त्याहून चांगला दिसतो. 45 मिनिटं म्हणजे 0.75, 20 मिनिटं म्हणजे 0.33. B चा रकाना मात्र पैसे खरोखर आल्यावरच भरा.

पुढच्या कामाचा दर

आता उलट जायचं. तासाला 600 सुटायला हवेत असं ठरवलं. या कामाच्या साडेसोळा तासांत आणखी 2 तास मिळवा, कारण न जमलेल्या चौकश्या, नमुन्याचे फोटो लावणं, हिशेब यांचाही वेळ कुठल्यातरी कामातूनच वसूल व्हायला हवा. (महिन्यात अशी 8 तासांची किरकोळ कामं आणि 4 शूट असतील, तर एकेका शूटच्या वाट्याला 2 तास.) 18.5 गुणिले 600 म्हणजे 11,100, अधिक खर्च 1,550, मिळून 12,650. नवख्याला हा दर सांगायला जड जातं, आणि गिऱ्हाईक नको म्हणण्याचीही शक्यता असते.

अशा वेळी दर पाडण्याआधी काम कमी करा. 90 ऐवजी 50 फोटो द्यायचे ठरवले तर एडिटिंग 3 तास 20 मिनिटांत होतं, म्हणजे 2 तास 40 मिनिटं वाचतात. बदल एकदाच करून देणार म्हटलं की आणखी 45 मिनिटं वाचतात. कामाचे तास उरले जेमतेम 13.1. त्यात ते 2 तास मिळवून 600 ने गुणा आणि खर्च घाला: 10,610. तुमचा तासाचा दर तोच राहिला आणि गिऱ्हाइकाचे दोन हजार वाचले. चाळीस फोटो कमी मिळाल्याची तक्रार फारशी येत नाही. उशीर झाल्याची मात्र नक्की येते.

हे सगळं काम घेतानाच लिहून पाठवा: "दोन तास शूट, एडिट केलेले 50 फोटो, 10 दिवसांत, एकदा बदल. त्यापुढे प्रत्येक अर्ध्या तासाला वेगळे पैसे. निम्मे पैसे आधी." लिहिलं नसेल तर तिसऱ्यांदा आलेला बदल नाकारताना तुम्हीच वाईट ठरता. ओळखीच्यांना सूट द्यायची असेल तर बिलावर आधी पूर्ण रक्कम लिहा, खाली सूट दाखवा. नाहीतर सूट देऊन उरलेला आकडाच तुमचा दर म्हणून चार लोकांत पसरतो.

काम स्वयंपाकाचं असेल तर

पद्धत हीच, पण वेळेच्या हिशेबाआधी मालाचाच हिशेब चुकतो. विकत घेतलेलं वजन आणि वापरात आलेलं वजन एक नसतं. सोलून, निवडून 1 किलोचा 800 ग्रॅम उरला तर तो माल सव्वापट महाग पडला, आणि पदार्थाची किंमत त्या भावाने काढायची. फसलेली चाचणीची खेप, इंधन, पॅकिंग हेही खर्चातच. शिजायला लागणारा वेळ मोजायचा का, असं विचारतात. त्या वेळात घर सोडता येत नसेल किंवा दर पाच मिनिटांनी बघावं लागत असेल तर पूर्ण मोजा. खाद्यपदार्थ विकण्याचे परवान्याचे नियम मात्र पहिली ऑर्डर घेण्याआधीच पाहून घ्या.

शिवाय इथे खेपेचा आकार दर बदलतो. 12 नग करायला 3 तास लागत असतील तर 24 ला सहसा 6 लागत नाहीत, कारण मांडामांड आणि धुणंपुसणं एकदाच होतं. म्हणून छोट्या ऑर्डरचा नगामागचा भाव जास्त ठेवा, किंवा किमान ऑर्डर ठरवून टाका.

पाच-सहा कामं झाली की E रकाना वरून खाली वाचा. एखाद्या प्रकारच्या कामाचा आकडा सतत सगळ्यात कमी दिसेल. त्याचे तास कुठे जातात ते वेळेच्या नोंदीत शोधा, आणि ते कमी करता येत नसतील तर त्याच प्रकारचा दर आधी वाढवा.