अरुंद स्वयंपाकघरातील ओटा कसा आखावा

स्वयंपाक करताना आपण फ्रिज, सिंक आणि शेगडी या तीन ठिकाणांमध्ये सतत फेऱ्या घालतो, आणि ही ठिकाणे रेषांनी जोडली की कामाचा त्रिकोण तयार होतो. त्याची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज १३ ते २६ फूट असावी, असा संकेत आहे. लहान घरात वरची मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. तिथे अडचण ही असते, की तिन्ही गोष्टी जवळ येतात आणि त्यांच्यामध्ये चिरण्या-निवडण्यापुरताही ओटा उरत नाही.

६ फूट रुंद आणि ९ फूट लांब अशी खोली घेऊ. तिचे दार एका आखूड भिंतीत, तर खिडकी समोरच्या आखूड भिंतीत आहे.

प्रथम मांडणी ठरवावी. ओट्याची खोली साधारण २ फूट असते; त्यामुळे समोरासमोर दोन ओटे घातल्यास मध्ये जेमतेम २ फूट वाट राहते, आणि ओट्याखालचा खण उघडला की ती बंदच होते. यू आकारातही हीच अडचण येते. एकाच भिंतीला सगळे लावल्यास वाट ऐसपैस मिळते, पण ओटा अपुरा पडतो. म्हणून इथे लांब भिंत आणि खिडकीची भिंत मिळून एल आकार घ्यावा. वाट ४ फूट राहते.

मग फ्रिज दाराजवळ, लांब भिंतीच्या टोकाला ठेवावा, म्हणजे पाणी घ्यायला येणारा माणूस स्वयंपाक करणाऱ्याच्या वाटेत येत नाही. फ्रिजच्या दाराची मूठ ओट्याच्या बाजूला हवी. ती उलट असेल, तर प्रत्येक वस्तू उघड्या दाराला वळसा घालून आणावी लागते. फ्रिजशेजारी १५ इंच ओटा मोकळा सोडून २ फुटांची शेगडी बसवावी, आणि सिंक खिडकीखाली, कोपऱ्यापासून सव्वा फूट सोडून घ्यावे. सिंकच्या पलीकडे फूटभर जागा धुतलेल्या भांड्यांसाठी राहते.

आता मोजावे. फ्रिज ते शेगडी सुमारे साडेतीन फूट, शेगडी ते सिंक सव्वातीन आणि सिंक ते फ्रिज सव्वासहा, म्हणजे एकूण १३ फूट. दोन बाजू ४ फुटांहून कमी भरतात, तरीही मी ही मांडणी स्वीकारेन. कारण शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये कोपरा धरून चिरायला पुरेसा सलग ओटा मिळतो, आणि माझ्या मते अरुंद खोलीत याच जागेला त्रिकोणाच्या आकड्यांपेक्षा अधिक मोल आहे.

नळाची जोडणी करण्यापूर्वी जमिनीवर खडूने ओटा, फ्रिज आणि उघडलेली दारे आखावीत आणि हातात परात घेऊन नेहमीच्या फेऱ्या मारून पाहाव्यात. भाजी फ्रिजमधून काढली, पण ती टेकवायला जागा नाही, किंवा गरम पातेले घेऊन वाट ओलांडावी लागते, असे आढळले तर रेषा पुसून शेगडी सरकवावी.