गोष्ट वाचून झाल्यावर पहिला प्रश्न कोणता?

पहिली-दुसरीच्या वर्गात गोष्ट संपली की नवी शिक्षिका बहुधा विचारते, "काऊचं घर कशाचं होतं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "शेणाचं!" ऐकायला बरं वाटतं, पण ज्यांना कळलं आणि ज्यांनी नुसता सूर मिळवला, त्यांच्यातला फरक त्यात दिसत नाही. असा प्रश्न एखादा पुरे, तोही तोंड उघडण्यापुरता.

खरा प्रश्न असा हवा, ज्याची दोन-तीन उत्तरं चालतील. याच गोष्टीत काऊ पावसात भिजत दाराशी उभा आहे आणि चिऊ म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. इथे विचारा, "चिऊने लगेच दार का उघडलं नसेल?" आणि गप्प बसा. मनात सावकाश पाच अंक मोजा. शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांबतात, हे अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या निरीक्षणांतून दाखवलं. नवख्याला ती शांतता फार जड जाते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मुलाचं नाव प्रश्नानंतर घ्या. आधी घेतलंत, तर बाकीचे सुटलो म्हणून खिडकीबाहेर बघतात.

गोव्यातल्या मराठी शाळेत उत्तर कोकणीतून येणारच: "तिका भंय दिसता." इथे "मराठीत सांग" म्हटलंत की मूल बसून घेतं. त्याऐवजी, "हो, तिला भीती वाटते. कशाची गं?" विचार त्याचाच राहतो आणि मराठी वाक्यही कानावर पडतं. ते मुलाकडून परत म्हणवून घेऊ नका.

दुसरी चूक शाबासकीची. पहिल्याच उत्तराला "अगदी बरोबर!" म्हटलं की वर आलेले बाकीचे हात खाली जातात. "अस्सं. आणखी कुणाला वेगळं वाटतं?" एवढंच म्हणा. कुणी म्हणालं, "काऊ चोर आहे," तर चूक ठरवू नका. "तुला गोष्टीत कुठे तसं वाटलं?" असं विचारा, पण आवाज उलटतपासणीचा नको. बहुतेकदा मूल घरी ऐकलेली दुसरी गोष्ट सांगत असतं. तीही ऐका, मग पान उघडून या काऊकडे परत या.

न बोलणाऱ्या मुलांसाठी "आधी शेजारच्याला सांग" म्हणून अर्धा मिनिट द्या आणि नंतर विचारा, "शेजारी काय म्हणाला?" दुसऱ्याचं उत्तर सांगताना चुकायची धास्ती कमी असते. एकशिक्षकी शाळेत चौथीचं मूल पहिलीतल्याशेजारी बसवलंत, तर मोठंच सगळं बोलतं. त्यामुळे जोड्या शक्यतो एकाच इयत्तेच्या करा.

एका गोष्टीला तीन प्रश्न पुष्कळ झाले. "तात्पर्य काय?" हा त्यात नको, मुलं तुमचा चेहरा वाचून उत्तर देतात. शेवटी हे विचारा: "तू चिऊच्या घरात असतास तर काय केलं असतंस?"